चौदा संध्याकाळी आणि कडेची ओळ

माझ्या मावशीला पत्र लिहिताना कागद पुरायचा नाही. ती आंतरदेशीय पत्र आणायची, मधल्या पानावर कामाचं सगळं लिहून काढायची आणि मग तिला खरं बोलणं आठवायचं. तोवर पान भरलेलं असायचं. मग ते खरं बोलणं कडेच्या पट्टीवर जायचं, आडवं, बारीक, डिंकाच्या अगदी जवळ. खोकला गेला का, केस गळून राहिलेत का, तुझ्या खोलीच्या खिडकीत चिमणी येऊन बसते, असलं काहीतरी. त्यामुळे तिचं पत्र फोडायचं ते सुरीनं, सावकाश. बोट घालून फाडलं तर माया फाटते, असं मी मैत्रिणींना गमतीनं सांगायचे. पुढं मी ते बोट घालूनच फाडलं, त्याची ही हकिकत.

मावशी नांदेडला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. चाळीस मुली, दोन चुली आणि ती. माझं गाव देगलूरकडचं. शिकायला म्हणून मी चार वर्षं तिच्या खोलीत राहिले, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा तिथूनच दिल्या. एवढी वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीला भिंत लावून राहिले, पण तिनं मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. मी पीठ मळायला बसले की परात ओढून घ्यायची. "हे तुला जन्मभर हायच. आत्ता बोटं टायपाला लाव." मी आनंदानं लावली. खोटं कशाला बोला, मला स्वयंपाकाचा कंटाळाच होता.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. नवं कार्यालय, नवे शिक्के, नव्या फायली, आणि टायपिस्ट कमी. मला तात्पुरती नेमणूक मिळाली. लग्नही त्याच वर्षी झालं. नवरा आडत बाजारात डाळीच्या एका पेढीवर कामाला होता, सासर चाकूरजवळच्या खेड्यातलं. लातुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आणि पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. आमच्या गल्लीतल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, सोमवारी सकाळी, तासभर. त्या तासात घरातली यच्चयावत भांडी भरायची. एक ड्रम, एक रांजण, चार घागरी, दोन बादल्या, शेवटी तांबे आणि पेलेसुद्धा. मी दिवसभर ऑफिसात टंचाईचे तक्ते टाईप करायचे. कुठल्या गावाला टँकर, किती खेपा. सहाच्या पुढंही काम चालायचं, साहेब उठेपर्यंत टायपिस्ट उठायची नाही. घरी यायला सात वाजायचे. साऱ्या जिल्ह्याचं पाणी माझ्या बोटांखालून जायचं आणि घरी आल्यावर मी ड्रममध्ये वाकून तळ बघायचे.

रात्रीच्या जेवणाचा मात्र रोजचा तमाशा होता. सात वाजता रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचा, तो भपकायचा, पिन मारायची, आणि मग मला प्रश्न पडायचा की आता करू काय. कधी भात, कधी जळका भात. नवरा बिचारा मुकाट्यानं खायचा. पण ही गोष्ट चाकूरला पोचली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. नवऱ्यामागे एकटीनं शेत आणि दोन लेकरं सांभाळलेली बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोललेला शब्द मागे घेतला असं कधी झालं नाही. फाल्गुनात त्यांनी निरोप धाडला. "मी येते. पंधरा दिस राहते. दिवेलागणीला घरात नीट जेवण हुतंय का बघते. हुत आसंल तर नोकरी कर, मी आडवी येनार न्हाई. न्हाई तर कार्डावर राजीनामा लिवायचा अन् गावाकडं यायचं."

नवरा म्हणाला, "आईचं बोलणं हाय, मी काय करू?" त्याचं खरंच होतं. मला मात्र रडू फुटलं. ती नोकरी गेली असती तर माझं काहीही उरलं नसतं, असं मला वाटत होतं. आज विचार केला तरी तसंच वाटतं.

मी मावशीला पत्र घातलं. घाईत, रागात, जरा हुकूम सोडल्यासारखंच. पंधरा दिवसांचं रात्रीचं जेवण लिहून पाठव. सोपं. सात वाजता सुरू केलं की तासात ताट वाढलं पाहिजे. नळाला सोमवारी पाणी येतं तेवढंच, हेही लिहिलं. आणि उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, घरी आत्याबाई असतील, असंही लिहिलं. सुनेनं स्वयंपाक पत्रानं शिकावा हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

आत्याबाई बुधवारी आल्या. मावशीचं पत्र गुरुवारी आलं. दुपारची वेळ, साहेबांनी तक्ता मागितलेला, शिपायानं पत्र टेबलावर ठेवलं आणि मला धीर निघेना. बोट घातलं आणि ओढलं. डाव्या कडेची लांब पट्टी निघून हातात आली. तिच्यावर बारीक ओळ होती हे मला दिसलं. नेहमीची माया असेल, नंतर वाचू, असं म्हणत मी ती टेबलावर टाकली. साहेबांनी हाक मारली. मी परत येईपर्यंत शिपायानं टेबल पुसून टोपली रिकामी केली होती. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मधलं पान शाबूत होतं, माझं काम झालं होतं.

ते पान अजून माझ्याजवळ आहे. एक ते चौदा आकडे, आकड्यापुढं जेवण. मावशी बोलायची तसंच लिहायची.

"एक. तांदुळज्याची भाजी, तुरीचं वरण, भात, भाकर. भाजी तीन पान्यात धू, वाळू ऱ्हाती. त्याच रात्री मटकी भिजू घाल. दोन. मुगाची खिचडी अन् कढी. मटकी फडक्यात बांध, पानी टाकू नको, कढीला घे. तीन. मोडाची मटकी, भाकर. चार. वांगं भाजून भरीत. वांगं स्टोवच्या जाळावर भाज, वरून तेल लाव, साल निघती. पाच. कोरडं बेसन अन् भाकर, एकच कढई. रातीच्याला दुधात पीठ मळून दशम्या करून ठेव, दोन दिस टिकत्यात. सहा. धपाटे. ज्वारी, बेसन, थोडी कणिक, तीळ, ववा, दह्यात मळ. सात. दशम्या, शेंगदान्याची चटनी, दही. ताटाला पत्रावळ घे. आठ. शेपू, आमटी, भात, भाकर. त्याच रात्री चवळी भिजू घाल."

असं पुढं चौदापर्यंत. नऊला हुलग्याचं पिठलं, दहाला चवळीची उसळ, अकराला एकाच पातेल्यात वरणफळं, तेराला थालीपीठ, आणि चौदाला सातूचं पीठ, दूध, गूळ. खाली एक सूचना होती: "सकाळी हाफिसात जायच्या आधी कांदा चिरून झाकून ठेव, शेंगदान्याचं कूट करून ठेव. संध्याकाळी वेळ चिरन्यातच जातो, शिजन्यात न्हाई." हे तर मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. वाचून मला हायसं वाटलं. मी त्याच संध्याकाळी एक नंबर सुरू केला.

खरं सांगायचं तर पहिल्या तीन संध्याकाळी मी फार खुशीत होते. गुरुवारी तांदुळजा तीन पाण्यांत धुतला, वरण झालं, भात झाला, भाकरी जरा जाड झाली, पण आठच्या आत ताट वाढलं. आत्याबाई गुमान जेवल्या. शुक्रवारी खिचडी-कढी. मटकी फडक्यात बांधली. शनिवारी उसळ. चार पातेली, एक ताट जास्त, सगळं घासून विसळून ठेवलं. आत्याबाई घासलेल्या भांड्यांकडं बघायच्या, मग ड्रमकडं बघायच्या. मला वाटलं, त्या भांडी नीट निघाली का बघतायत.

रविवारी सकाळी ड्रममध्ये वाटी घातली तर तळाला घासली. रांजण कोरडा. घागरींतलं प्यायचं पाणी तेवढं दोन-तीन तांबे उरलेलं. नवरा सायकलला दोन घागरी बांधून हापशावर गेला. हापसा आटलेला. दुसऱ्या हापशावर दुपारपर्यंत उभा राहिला आणि एक घागर घेऊन आला, गढूळ. तोवर आत्याबाई पदर डोक्यावर घेऊन शेजारच्या घरात गेल्या. तिथल्या चाची म्हातारी, हळव्या मनाची बाई. त्यांनी लगेच कळशी भरून दिली. "ले जाव बहन, पानी तो अल्ला का." चाचींनी चांगुलपणानंच दिलं, पण आत्याबाई ती कळशी घेऊन परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. दुष्काळात सगळं मागता येतं, पाणी मागायला जीभ रेटत नाही. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "उभ्या जन्मात मी पानी मागितलं न्हवतं."

मी आत गेले आणि तशीच बसून राहिले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माझा राग दुसऱ्यावर निघतो. तो स्वभाव माझा आजही गेलेला नाही. मावशीनंच हे केलं, असं माझ्या मनानं घेतलं. दुष्काळात कुणी तीन पाण्यांत भाजी धुवायला सांगतं का? मी लगेच कागद घेतला. जे लिहिलं ते शब्दाला शब्द आठवतं. "तुझं नांदेड गोदावरीच्या काठावर आहे. तुला पाण्याची किंमत काय कळणार? चाळीस मुलींचा स्वयंपाक आणि एका घराचा संसार यात फरक असतो. तुझ्या कागदामुळं माझ्या सासूबाईंना आज दारोदार पाणी मागावं लागलं. पुन्हा काही लिहून पाठवू नकोस." दारोदार हेही खोटंच, एकाच दारी गेल्या होत्या. सोमवारी सकाळी नळाचं पाणी भरून झाल्यावर ऑफिसला जाता जाता मी ते पत्र पेटीत टाकलं.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता घरी आले. ड्रम काठोकाठ, रांजण ओला, फडकं गुंडाळलेलं. मी रविवारी चार नंबरचं भरीत केलं होतं, म्हणून आता पाच. कढई काढली, बेसन काढलं, रात्री दशम्या करायच्या म्हणून दूध काढलं. आत्याबाई दारात बसून बघत होत्या.

"आज पानी आलंय अन् कोरडं बेसन?" त्या म्हणाल्या. "अन् शनवारी पानी संपून राहिलं तवा चार भांड्यांचा सैपाक. हे कोन ठरवतंय?"

मी बेसन चाळत राहिले.

"तुझ्या पिशवीत निळा कागद हाय. रोज त्यात बघून सैपाक करतीस. मला काय दिसत न्हाई का? काढ तो. वाच."

मी मान खाली घालून वाचू लागले. सरळ एकपासून चौदापर्यंत वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, या वेळी थांबत थांबत, आणि त्या पेरांवर मोजत होत्या.

"एकाला काय?"

"तांदुळजा, वरण, भात, भाकर."

"लई पानी. तिनाला?"

"मोडाची मटकी."

"मटकी भिजवली कवा? एकाला. बरं. पाचाला?"

"कोरडं बेसन. एकच कढई."

"सहाला धपाटे, दह्यात मळलेले. साताला?"

"दशम्या. चटणी, दही. पत्रावळीवर."

"दशमी दुधात मळत्यात. ताट घासायचं न्हाई. साताला पान्याचा थेंब न्हाई, बग. अन् आठाला?"

"शेपू, आमटी, भात."

"पुन्ना पालेभाजी." त्यांनी पेरांवर पुन्हा एकदा मोजलं. "आठवा दिस मंजी पुन्ना पानी आलेला दिस. चौदालाबी सातूच हाय. पोरी, ही बाई सगळं पान्यावर बांधून लिवलीय. एक मंजी सोमवार. तू सुरू केलंस बिस्तरवारी."

मी कागद उचलून दिव्याजवळ नेला. डाव्या कडेला जिथून पट्टी निघाली होती तिथं कागद खालीवर फाटलेला होता आणि फाटलेल्या रेषेवर शाईचे तुकडे राहिले होते. एका ठिकाणी "मोज" एवढं पुरतं वाचता येत होतं. बाकी नुसत्या वेलांट्या आणि काने. मला तेव्हा कळलं. मावशीला पान भरल्यावर ते आठवलं असणार, की कुठल्या दिवशी सुरू करायचं ते सांगायचंच राहिलं. मग तिनं ते तिच्या नेहमीच्या जागी लिहिलं.

आणि माझं पत्र सकाळीच पेटीत पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला अर्धा तास लवकर निघाले आणि पोस्टात गेले. पेटी कालच दुपारी उघडली होती. टपाल नांदेडच्या गाडीनं गेलं होतं.

आत्याबाईंना त्या पत्राबद्दल मी सोमवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. लपवलं असतं तर मला जेवण गेलं नसतं. त्या रागावल्या नाहीत. मग उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बेसन ठेव आत. बाजारात तांदुळजा आसंल तर लेकाला धाड. आज एक. माझे पंधरा दिसबी आजपासून मोज."

हे मोठं मन मी त्यांच्याकडून अपेक्षिलं नव्हतं. मी त्यांना फक्त परीक्षा घेणारी बाई समजत होते.

ते चौदा दिवस मी कधी विसरणार नाही. सोमवारी मी भाजी धुवायचे आणि तिन्ही पाणी आत्याबाई बादलीत धरून ठेवायच्या, त्यात दुसऱ्या दिवशी फरशी पुसली जायची. तांदूळ धुतलेलं पाणी वरणात. मटकीचं पाणी कढीत. बुधवारनंतर भांडी कमी होत जायची, तसतसा ड्रम खाली जायचा, आणि दोन्ही अगदी बरोबरीनं. पहिल्या शुक्रवारी रात्री मी दशम्या लाटल्या. शनिवारी धपाटे भाजले आणि घरभर तिळाचा वास सुटला. रविवारी रात्री आम्ही तिघांनी पत्रावळीवर दशमी-चटणी खाल्ली आणि ड्रममध्ये वीतभर पाणी शिल्लक होतं. जेवण झाल्यावर आत्याबाईंनी त्या शिलकीच्या पाण्यातली एक कळशी भरली, पदर डोक्यावर घेतला आणि चाचींकडं नेऊन दिली. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

चौदाव्या संध्याकाळी सातूचं पीठ दुधात कालवून वाट्या भरल्या. बाहेर ऊन उतरलं होतं. आत्याबाईंनी वाटी संपवली, बोट पुसलं आणि म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं मी जाते. तू नोकरी कर. हाफिसातबी तू पान्याचेच तक्ते लिवतीस म्हनं, मग ते नीट लिव." दारात चपला घालताना त्या वळल्या. "अन् नांदेडला जाऊन त्या बाईचे पाय धर. कागदावर न्हाई. जाऊन."

मी जायला तीन महिने लावले. सुट्टी मिळत नव्हती हे कारण खरं होतं, आणि पुरतं खरं नव्हतं. मध्ये मी मावशीला पत्र घातलं की तुझा कागद कामी आला, आत्याबाई राजी झाल्या, नोकरी राहिली, माझं बोलणं मनावर घेऊ नको. पट्टी फाडल्याचं मात्र लिहिलं नाही. एवढं लिहायला मला जड गेलं. तिचं उत्तर आलं नाही.

मृग कोरडाच गेला होता. नांदेडला उतरले तेव्हा पुलावरून गोदावरी बघितली. वाळू, मधे एक हिरवट डबकं, आणि वाळूत झिरे खणून बसलेल्या बाया. मी पत्रात लिहिलेली गोदावरी ती हीच. वसतिगृहात गेले तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, एक ते चौदा. तांदुळजा, खिचडी, मटकी, भरीत, बेसन, धपाटे, दशमी. आकड्यांच्या वर मोठ्या अक्षरात "टाकी भरल तो दिस एक". कोपऱ्यात पत्रावळींची चवड. मावशीनं मला काही खास रचून पाठवलं नव्हतं. चाळीस मुलींना ती उन्हाळाभर तेच जेवू घालत होती, आठवड्याला एका टँकरवर. त्यातलंच तिनं तिघांच्या घराच्या मापानं मला उतरवून दिलं होतं.

ती पीठ मळत होती. मला बघून हसली, हात तसेच पिठाचे. "आलीस? बारीक झालीस गं. बस."

मी बसले नाही. खाली वाकून पायांना हात लावला आणि सगळं सांगितलं. पट्टी, टोपली, गुरुवार. ती ऐकत होती आणि मळत होती. मग फळीवरच्या डब्याखालून तिनं तीन आंतरदेशीय पत्रं काढली. तिन्ही लिहिलेली, पत्ता घातलेली, चिकटवलेली नाहीत.

"तुझं पत्र आलं मग म्या बघून राहिले, आपलं चुकलं कुठं," ती म्हणाली. "म्हटलं, घर लहान हाय, तांदुळजा नको, त्याजागी भोपळा लिहावा. दुसऱ्यांदा मटकी काढली. तिसऱ्यांदा भातच काढला. तू मागनं लिवलंस, कागद कामी आला, मला वाटलं पोर माझं मन राखाया लिवतीय. पर हितं सगळं बरोबर बसत होतं, मग तुझ्याकडं का बसंना? मला चूक काय घावली न्हाई. चूक घावल्याबिगर कसं धाडावं? पुन्ना तुला सासूम्होरं खाली बघावं लागलं आस्तं."

ती माझ्यावर रागावली नव्हती. पूर्ण उन्हाळा ती स्वतःचीच चूक शोधत होती. मला वाटलं, तिनं मला चुलीतलं लाकूड काढून मारलं असतं तर बरं झालं असतं. मी रडत म्हणाले, "मावशी, तुझी काहीच चूक नव्हती. मी कड फाडली."

"आसू दे. कागदाची कड हाय, फाटनारच. माझंच चुकलं, म्होरची गोष्ट कडेला लिवली."

"काय लिहिलं होतंस?"

"सोमवारपासून एक मोज, पानी आल्याबिगर सुरू करू नको."

"एवढंच?"

"अजून एक वळ व्हती खाली." तिनं गोळा परातीत आपटला. "काय व्हती ते आता ध्येनात न्हाई. आसंच काय तरी."

तिच्या ध्यानात होतं. तिला चाळीस मुलींच्या आवडीनिवडी पाठ होत्या. मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि मला परात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "घे, धपाट्याचं पीठ हाय. पानी लावू नको."

त्यानंतर मावशी बारा वर्षं होती. लातूरला पुढं पाऊस झाला, नळ दिवसाआड येऊ लागला, माझी नोकरी कायम झाली. आत्याबाई दर उन्हाळ्यात यायच्या आणि आल्या की सोमवारी तांदुळजाच करायला लावायच्या, पाणी असो नसो. मावशीची पत्रं येत राहिली, महिन्याला एक. पहिल्या ओळीत महत्त्वाचं, खाली बाकीचं, सगळं नीट, आकडे घालून. मी टेबलावर सुरी ठेवली होती. पत्र आलं की मी ती हळूच घालायचे, कडेकडेनं, एक तंतूही फाटू न देता. आत उघडून आधी डावी कड बघायची, मग उजवी.

तिच्या एकाही पत्राच्या कडेला पुन्हा काही लिहिलेलं नव्हतं. दोन बोटं जागा ती सगळीकडून कोरी सोडायची.